बाजेची सैल झालेली वीण मी कशी ताणली

आमच्या सुतळीच्या बाजेला मध्यभागी सुमारे वीतभर झोळ आला होता. पायथ्याची ताणदोरी, म्हणजे विणीची कड आणि पायथ्याचा दांडा यांना जोडणारी दोरी, मी आधी सरळ ओढून पाहिली. तेव्हा कडेजवळच्या दोन विरलेल्या सुतळ्या लगेच तुटल्या. म्हणून विरलेले पदर ताणण्यापूर्वीच बदलावेत, असे मी आता आग्रहाने सांगेन.

नवी सुतळी जुन्याइतक्याच जाडीची घेतली आणि जुन्या पदराच्याच वाटेने, वर-खाली हा क्रम न मोडता ओवून, तिची गाठ दांड्याच्या खालच्या बाजूस आणली, कारण मधली गाठ पाठीला टोचते आणि ताण आल्यावर सरकते.

त्यानंतर ताणदोरीचे मोकळे टोक सोडून, बांधलेल्या टोकापासून एकेक वेढा क्रमाने ओढत सैलपणा पुढे सरकवत नेला. एका फेरीत वीण सारखी झाली नाही. पहिल्या वेढ्यांचा ताण शेवटी उतरला होता, म्हणून दुसरी फेरी घेतली आणि मगच टोक बांधले. दोन रात्रींच्या वापरानंतर पुन्हा थोडे ताणावे लागले. विणीची कड पायथ्याच्या दांड्याला भिडली असेल, तर मात्र ताणायला जागाच उरत नाही; तेव्हा बाज नव्याने विणावी लागते.