शेत दुसऱ्याचं, विमा आपला: या चुका टाळा

पेडण्यातले आमचे काका गेली बरीच वर्षं दुसऱ्याचं शेत खंडाने करतात. भाटकार मुंबईला, एक-चौदावर काकांचं नाव कुठेच नाही. मागच्या खरिपात पीक विम्याचा अर्ज भरला तर तो दोनदा परत आला, आणि दोन्ही वेळा धावपळ मलाच करावी लागली, म्हणून हे लिहितोय.

पहिली चूक म्हणजे जमीन नावावर नाही तर विमा मिळतच नाही असं धरून घरी बसणं. पंतप्रधान पीक विमा योजनेत कूळ आणि वाटेकरी दोघेही येतात. उलटी चूक त्याहून वाईट. सेंटरवाला घाईत `Owner` टिक करतो आणि भाटकाराचा एक-चौदा जोडून मोकळा होतो. मग तपासणीत अर्जावरचं नाव आणि उताऱ्यावरचं नाव जुळत नाही आणि अर्ज परत! तिथे `Tenant` किंवा `Share Cropper` हवं, ते आपण स्वतः स्क्रीनवर बघायचं. आणि हो, या कामाची फी शेतकऱ्याने द्यायची नसते, फक्त हप्ता द्यायचा.

आता कागद. आधी एक-चौदा नीट वाचा, कुळाच्या रकान्यात किंवा खालच्या पीक नोंदीत कसणाऱ्याचं नाव असलं तर अर्धं काम झालं. नसेल तर भाटकाराचं संमतीपत्र किंवा करार लागतो, आणि इथेच गोव्यात घोडं अडतं, कारण सही केली की उद्या कूळ म्हणून हक्क सांगतील ही भीती. आमच्या भाटकाराला फोनवर तीनदा समजावलं, शेवटी पत्रात 'फक्त या हंगामाच्या पीक विम्यासाठी' असं लिहिलं तेव्हा तयार झाला. जमीन चार भावांच्या नावावर असेल तर कुणाकुणाच्या सह्या लागतील, नेमका कुठला कागद चालेल, हे विभागीय कृषी कार्यालयात आधीच विचारा, सेंटरवर नको.

पेरणीचं घोषणापत्र लोक सगळ्यात हलक्यात घेतात. त्यात सर्व्हे नंबर, पोटविभाग, पीक, क्षेत्र आणि लावणीची तारीख असते. काकांनी नुसतं 64 लिहिलं होतं, शेत होतं 64/3 मध्ये. पहिल्यांदा अर्ज परत आला तो यामुळेच. दुसरा घोळ क्षेत्राचा. आपला उतारा चौरस मीटरमध्ये बोलतो आणि पोर्टल हेक्टरमध्ये. 3,200 चौरस मीटर म्हणजे 0.32 हेक्टर, 3.2 नव्हे. नुसत्या हिशेबासाठी धरा की हेक्टरी विमा रक्कम 50,000 आहे, तर 0.32 ला 16,000 आणि भाताचा खरीप हप्ता 2 टक्के म्हणजे 320 रुपये. पावतीवर 3,200 दिसलं की समजायचं, टिंब चुकलंय. शिवाय जेवढं लावलंय तेवढंच लिहा, बांधापलीकडचा पडीक तुकडा धरू नका.

दुसऱ्यांदा अर्ज अडला त्याचं कारण मात्र आमच्या डोक्यातही आलं नव्हतं. भाटकाराचं त्याच जमिनीवर किसान क्रेडिट कार्डाचं पीक कर्ज होतं, आणि अशा कर्जदाराने लेखी नको म्हटलं नाही तर बँक आपोआप हप्ता कापते. म्हणजे 64/3 चा विमा आधीच भाटकाराच्या नावाने निघालेला, आमचा अर्ज दुबार! उपाय एकच, त्याने मुदतीच्या किमान 7 दिवस आधी बँकेत नकार लिहून द्यायचा. खरिपाची मुदत साधारण 31 जुलै असते, म्हणजे 24 च्या आत. आमची ती तारीख टळली, त्या हंगामात काकांचा विमा झालाच नाही. म्हणून भाटकाराशी बोलताना संमतीपत्राच्या आधी कर्जाचं विचारा.

यंदा जूनमध्येच नकार दिला, अर्ज गेला, तर बँकेचं लचांड. पासबुक जुनं, विलीन झालेल्या बँकेचं, आयएफएससी कधीच बदललेला. सिंडिकेट किंवा कॉर्पोरेशन बँकेचं पासबुक अजून ट्रंकेत असेल तर नवीन छापून घ्या, त्या 2020 मध्येच कॅनरा आणि युनियन बँकेत गेल्या. खातं मुलाचं नको, ज्याच्या नावाने अर्ज त्याचंच हवं, आणि नावाचं स्पेलिंग आधारशी जुळायला हवं (गावकरचं एकीकडे Gaonkar, दुसरीकडे Gaunkar, आपल्याकडे हे घरोघरी).

बँकवाला 'आधार लिंक आहे' म्हणाला तरी तेवढ्यावर जाऊ नका, केवायसीला आधार दिलेलं असणं वेगळं आणि सरकारी पैसे जमा व्हायला सीडिंग असणं वेगळं. `myaadhaar.uidai.gov.in` वर लॉगिन करून `Bank Seeding Status` बघा. दोन बँकांत खाती असतील तर तिथे जी बँक दिसते तिथेच आधारवरचे पैसे जातात. काकांचं दुसऱ्याच बँकेत निघालं, ते खातं त्यांनी तीन वर्षं उघडून बघितलं नव्हतं.

पावतीवरचा अर्ज नंबर मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा आणि मुदत संपायच्या आत `pmfby.gov.in` वर स्टेटस दोन-तीनदा बघा. परत आलेला अर्ज दुरुस्त करायला मिळतो, पण मेसेज येईल म्हणून वाट बघत बसलात तर नाही. काकांच्या अर्जावर तर मोबाईल नंबर सेंटरवाल्याचाच टाकलेला होता.