ऑनलाइन रिव्ह्यू वाचताना या चुका टाळा: पैसे देऊन लिहून घेतलेली स्तुती अशी ओळखा

मिक्सरचं उदाहरण घेऊ. पहिल्या आठवड्यात जवळपास प्रत्येक मिक्सर चांगलाच चालतो. मोटार तापते का, कपलर झिजतो का, चटणीच्या भांड्याच्या तळातून पाणी गळतं का, हे कळायला दोन-तीन महिने जातात. रिव्ह्यू मात्र बहुतेक पहिल्या आठवड्यातच लिहिले जातात. विकत घेतलेली स्तुती नेमकी या मधल्या काळात खपवली जाते. म्हणून समजावून सांगण्यासाठी एक मिक्सर मनाने उभा करू: फारसं नाव नसलेली कंपनी, ७५० वॅट, तीन भांडी, रेटिंग ४.२, एकूण २,१४० जणांनी तारे दिलेले.

चूक पहिली: ४.२ वर थांबणं

या आकड्यावर बोट ठेवलं की पाचही ताऱ्यांची वाटणी दिसते. आपल्या मिक्सरची वाटणी अशी आहे असं समजू: पाच तारे ७१ टक्के, चार तारे १०, तीन तारे ४, दोन तारे २ आणि एक तारा १३ टक्के. साधी सरासरी काढली तर ४.२४ येते. (ॲमेझॉन साधी सरासरी दाखवत नाही. रिव्ह्यू किती ताजा आहे, खरेदी पडताळलेली आहे का, अशा गोष्टींना ते वेगवेगळं वजन देतात.)

दोन्ही टोकांना गर्दी आणि मध्ये शुकशुकाट दिसला की अनेकजण लगेच 'रिव्ह्यू खोटे आहेत' असं ठरवतात. एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. ज्याला वस्तू ठीकठाक वाटली तो लिहायच्या भानगडीत पडत नाही. जो खूश आहे किंवा चिडलेला आहे तोच लिहितो, त्यामुळे प्रामाणिक रेटिंगचाही आकार बहुधा असाच असतो.

उपयोगाचा प्रश्न वेगळा आहे: ते १३ टक्के लोक, म्हणजे सुमारे २७८ जण, काय म्हणतात? खोकं फाटलेलं आलं, डिलिव्हरीवाला उशिरा आला, या तक्रारी बाजूला ठेवा, त्यांचा मिक्सरशी संबंध नाही. पण वेगवेगळ्या महिन्यांत, वेगवेगळ्या गावांतले लोक एकाच भागाबद्दल बोलत असतील, म्हणजे 'कपलर तुटला', 'कपलरचे दाते गेले', 'सर्व्हिस सेंटरला कपलर मिळत नाही', तर तो दोष आहे. अशी चार वाक्यं पाच ताऱ्यांच्या चारशे रिव्ह्यूंपेक्षा जास्त सांगून जातात. त्यानंतर तीन ताऱ्यांचे रिव्ह्यू वाचा. तीन तारे लिहून घ्यायला कोणी पैसे देत नाही, आणि बदनामी करायला आलेला प्रतिस्पर्धीही तीन तारे देत नाही.

चूक दुसरी: Verified Purchase दिसलं की निश्चिंत होणं

ॲमेझॉनवर Verified Purchase आणि फ्लिपकार्टवर Certified Buyer ही खूण दिसली की आपण रिव्ह्यू खरा मानतो. त्या खुणेचा अर्थ एवढाच की त्या खात्यावरून ती वस्तू खरोखर मागवली गेली. पैसे शेवटी कोणाच्या खिशातून गेले, हे ती सांगत नाही.

हा धंदा टेलिग्राम, व्हॉट्सॲप आणि फेसबुकच्या ग्रुपांवर चालतो. मध्यस्थ वस्तूचा फोटो टाकतो. इच्छुक माणूस स्वतःच्या खात्यावरून, स्वतःच्या पैशाने ऑर्डर देतो आणि ऑर्डरचा स्क्रीनशॉट पाठवतो. वस्तू आली की पाच तारे, चार ओळी आणि दोन फोटो टाकतो. रिव्ह्यू पानावर झळकला की त्याची लिंक मध्यस्थाला देतो. परत करण्याची मुदत उलटली की पूर्ण किंवा थोडे कमी पैसे यूपीआयने परत येतात. काही वेळा वस्तू पाठवतच नाहीत, नुसतं रिकामं खोकं जातं, म्हणजे डिलिव्हरीची नोंद होते आणि खूण मिळते. या साखळीत लिहिणाराही अनेकदा बुडतो: मुदत संपते, मध्यस्थ ग्रुप बंद करून नाहीसा होतो आणि नको असलेला मिक्सर घरात पडून राहतो.

ही पद्धत मागे खुणा ठेवते. सगळ्यांत ठळक खूण तारखेची. मध्यस्थाला काम ठरावीक दिवसांत संपवायचं असतं, त्यामुळे पाच ताऱ्यांचे रिव्ह्यू घोळक्याने येतात. रिव्ह्यूंची मांडणी आपोआप Top reviews अशी असते. ती Most recent करा आणि फक्त तारखा बघत खाली जा. आठवड्याला दोन-तीन रिव्ह्यू येत असताना मध्येच चार दिवसांत तीस आले, सगळे पाच ताऱ्यांचे आणि सगळे फोटोंसकट, तर थांबून विचार करा. घाई मात्र नको. दिवाळीच्या सेलनंतर प्रत्येक मिक्सरच्या पानावर गर्दी होते. शेजारच्या दोन मिक्सरांची पानं उघडून त्याच तारखा बघा. तिथेही लाट असेल तर ती सेलची. फक्त याच पानावर असेल, किंवा लाटेच्या लगेच आधी एक ताऱ्यांचे रिव्ह्यू साचलेले असतील, तर कोणीतरी घसरलेलं रेटिंग उचलून धरलं आहे असं समजायला जागा आहे.

दुसरी खूण फोटोत. भांड्यावरचं स्टिकर अजून तसंच, वायरची गुंडाळी रबरात, मिक्सर ओट्यावर नव्हे तर पलंगावरच्या चादरीवर, आणि खाली मजकूर 'मी रोज वापरते, अप्रतिम'. वापरलेल्या मिक्सरवर हळदीचे डाग असतात.

तिसरी खूण लिहिणाऱ्याच्या प्रोफाइलमध्ये. नावावर टिचकी मारली की बऱ्याचदा त्याचे बाकीचे रिव्ह्यू दिसतात. अनोळखी कंपन्यांचे इअरफोन, दाढीचं तेल, मोबाइल कव्हर, मिक्सर, सगळ्यांना पाचच तारे आणि त्यातले बरेच एकाच दिवशी, असं चार-पाच प्रोफाइलमध्ये दिसलं तर त्या पानावरची स्तुती मोजू नका.

चूक तिसरी: रिव्ह्यू याच वस्तूचे आहेत असं धरून चालणं

या चुकीकडे सगळ्यांत कमी लक्ष जातं. एकाच पानावर वस्तूचे रंग आणि आकार एकत्र दाखवायची सोय असते आणि त्यांचं रेटिंगही एकत्र मोजलं जातं. लाल आणि काळा मिक्सर एकत्र असेल तर काही बिघडत नाही. पण विक्रेते जुन्या, चांगल्या खपलेल्या वस्तूच्या पानाला नवी, वेगळीच वस्तू जोडतात, आणि नवीला पहिल्याच दिवशी हजारो तारे मिळतात.

अमेरिकेत 'द बाउंटिफुल कंपनी' या जीवनसत्त्वांच्या गोळ्या विकणाऱ्या कंपनीवर तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये हाच आरोप ठेवला. ॲमेझॉनवर कंपनीने नवी उत्पादनं आपल्या लोकप्रिय उत्पादनांना जोडून घेतली आणि त्यांचे तारे उसने घेतले, असं आयोगाचं म्हणणं होतं. कंपनीने ६ लाख डॉलर भरायचं मान्य केलं. त्या पानांवरचे रिव्ह्यू खऱ्या ग्राहकांनी खऱ्या मनाने लिहिलेले असू शकतात, फक्त ते दुसऱ्याच डबीबद्दल होते. त्यामुळे रिव्ह्यूची भाषा कितीही बारकाईने तपासली तरी ही फसवणूक पकडता येत नाही.

पकडायची रीत सोपी आहे. वस्तूच्या तपशिलात Date First Available ही तारीख शोधा. मिक्सर यंदाच्या जूनमध्ये पहिल्यांदा आला आणि रिव्ह्यू तीन वर्षांपूर्वीपासूनचे असतील, तर ते आणखी कशाचे तरी आहेत. मग प्रत्येक रिव्ह्यूच्या वर बारीक अक्षरात रंग किंवा मॉडेल लिहिलेलं असतं तिकडे बघा. तिथे ५०० वॅट असेल आणि तुम्ही ७५० वॅट घेत असाल, तर मोटारीबद्दलचं त्याचं मत तुमच्या कामाचं नाही. ॲमेझॉनवर All formats च्या जागी फक्त निवडलेला प्रकार लावला की उसने रिव्ह्यू गळून पडतात आणि २,१४० चे कधीकधी साठ उरतात. त्या साठांवरून निर्णय घ्या.

चूक चौथी: भाषेवरून खरं-खोटं ठरवणं

'nice product', 'मस्त आहे', 'पैसा वसूल', असे दोन शब्दांचे रिव्ह्यू अनेकजण खोटे ठरवतात. आपल्याकडे असंख्य खरे ग्राहक असंच लिहितात, तेही रोमन अक्षरांत आणि चुकांसकट. त्या रिव्ह्यूतून माहिती मिळत नाही, एवढंच. उलट भाडोत्री रिव्ह्यू आता व्याकरणशुद्ध आणि तीन परिच्छेदांचे असतात, कारण ते यंत्राकडून सेकंदात लिहून मिळतात. म्हणून भाषा सोडा आणि लिहिणाऱ्याला काय माहीत आहे ते बघा.

दोन नमुने मी इथे रचून देतो. पहिला: 'या ७५० वॅट ३ जार मिक्सर ग्राइंडरची शक्तिशाली मोटार आणि आकर्षक डिझाइन आधुनिक स्वयंपाकघरासाठी योग्य आहे. स्टेनलेस स्टीलचे ब्लेड टिकाऊ आहेत. संपूर्ण कुटुंबासाठी उत्तम.' दुसरा: 'इडलीचं पीठ ठीक होतं पण दोनदा थांबवावं लागतं, गरम होतो. सुकं खोबरं छान. छोट्या भांड्याचं झाकण हाताने दाबून धरावं लागतं.'

पहिल्यातली प्रत्येक गोष्ट विक्रेत्याच्या वर्णनात आहे, बहुधा त्याच क्रमाने. शिवाय घरात कोणी 'मिक्सर ग्राइंडर ७५० वॅट' असं पूर्ण नाव घेत नाही. दुसऱ्यातली झाकणाची गोष्ट वर्णनात सापडणार नाही, ती हाताला कळते. प्रत्येक लांब रिव्ह्यूला हाच प्रश्न विचारा: मिक्सर न वापरता, नुसतं पान वाचून हे लिहिता आलं असतं का?

चोरलेला मजकूर पकडायचा असेल तर त्यातलं एखादं वेगळं वाटणारं वाक्य अवतरणचिन्हांत घालून गूगलवर शोधा. तेच वाक्य दुसऱ्या कंपनीच्या मिक्सरखाली, दुसऱ्या नावाने सापडलं की प्रश्न मिटला. हे तयार ॲपवर सोपवायची सवय असेल तर लक्षात घ्या, त्यातलं बरंच वापरलं जाणारं फेकस्पॉट जुलै २०२५ मध्ये बंद झालं.

खोक्यात कार्ड निघालं तर

'पाच तारे द्या, १०० रुपये मिळवा' असं कार्ड क्यूआर कोडसकट खोक्यात निघतं. हा कोड स्कॅन करू नका, पैसे घ्यायला तिथे भरलेला तुमचा फोन नंबर आणि यूपीआय आयडी अनोळखी माणसाकडे जातो. कार्डाचा फोटो ऑर्डर क्रमांकासह त्या साइटच्या ग्राहक सेवेला पाठवा. ॲमेझॉनवर प्रत्येक रिव्ह्यूखाली Report हा पर्यायही असतो.

विक्रेत्याने ग्राहक असल्याचं भासवून रिव्ह्यू टाकायला २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी मनाई केली आहे. रिव्ह्यू कसे गोळा करावेत आणि तपासावेत याचं भारतीय मानक, आयएस १९०००:२०२२, नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं, पण ते पाळणं कंपन्यांच्या इच्छेवर सोडलं आहे. साइट दाद देत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. तक्रारीआधी वस्तूच्या पानाचे, रिव्ह्यूंच्या तारखांचे आणि कार्डाचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण विक्रेता पान कधीही बदलू शकतो.