वाय-फायचा पासवर्ड पाहुण्यांना पाठवताय? या चुका टाळा

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे आधी पासवर्ड पाठवायचा आणि मग आठवलं की टायमर लावायचा. व्हॉट्सॲपचं Disappearing messages चालू केलं की चॅटमधलं जुनंही साफ होतं, असा बऱ्याच जणांचा समज असतो. तसं होत नाही. टायमर लावल्यानंतर जे पाठवाल तेवढंच जातं, आधीचं जागच्या जागी राहतं. म्हणून आधी त्या चॅटमध्ये २४ तास निवडा आणि मगच पासवर्ड टाइप करा. दहा सेकंदांचं काम आहे, पण घाईत नेमकं तेच राहतं.

माझ्या एका मित्राने हे नीट केलं होतं. आधी टायमर, मग पासवर्ड. पासवर्ड राउटरच्या स्टिकरवरचाच, इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांची खिचडी. पाहुण्याने त्या मेसेजवर बोट सरकवून रिप्लाय दिला, ‘चौथं अक्षर ओ आहे की शून्य?’ मित्राने ‘शून्य’ म्हणून कळवलं आणि विषय संपला. पुढे दोघांनी टायमर बंद केला. बऱ्याच महिन्यांनी मित्र त्याच चॅटमध्ये काहीतरी शोधत होता, तर तो प्रश्न दिसला आणि त्याच्या वरच्या चौकटीत अख्खा पासवर्ड. पाहुण्याच्या फोनमध्येही तो होताच. प्रश्नही टायमरच्या काळातलाच, मग तो उरला कसा? तर दोघांपैकी एकाने त्यावर बोट दाबून Keep केलं होतं, म्हणजे मुदतीनंतरही तो मेसेज राखून ठेवला होता, कारण त्याच मेसेजमध्ये प्रश्नाच्या खाली घरचा पत्ता लिहिलेला होता. एरवीही व्हॉट्सॲप स्वतःच सांगतं की गायब होणाऱ्या मेसेजला रिप्लाय दिला, तर त्यातला उद्धृत मजकूर मुदतीनंतरही चॅटमध्ये राहू शकतो. टायमर नसलेल्या दुसऱ्या चॅटमध्ये कुणी फॉरवर्ड केला, तर तिथला मेसेजही जात नाही.

यावर माझा उपाय टायमरचा नाही, पासवर्डचा आहे. पाहुण्याला प्रश्नच पडू नये असा पासवर्ड ठेवतो. चार साधे शब्द, सगळी छोटी अक्षरं, शून्य नाही, एक नाही. वाय-फायला ८ ते ६३ अक्षरं चालतात, तेव्हा लांबीची कंजुषी कशाला? असा पासवर्ड फोनवर बोलूनही सांगता येतो, आणि मी बहुतेक वेळा तेच करतो. चॅटमध्ये काही उरायचा प्रश्नच येत नाही.

दुसरी लाडकी चूक क्यूआर कोडची. ‘कोडमध्ये पासवर्ड लपलेला असतो ना?’ नाही हो! त्यात उघडा मजकूर असतो, साधारण असा:

```
WIFI:T:WPA;S:Pahune;P:nilapatangchhatavar;;
```

कोणताही स्कॅनर हे वाचतो. कोडचा फोटो साध्या पद्धतीने पाठवला की तो पाहुण्याच्या गॅलरीत जाऊ शकतो आणि तिथून त्याच्या क्लाउड बॅकअपमध्ये. मग कुणी हुशारीने तोच फोटो ‘एकदाच पाहा’ करून पाठवतो. त्याचा स्क्रीनशॉट घेता येत नाही, फोटो फोनच्या स्क्रीनवर आणि स्कॅन करायचा कॅमेरा त्याच फोनच्या पाठीला. दुसरा फोन नसेल तर पाहुणा बसतो फोन उलटसुलट करत. ‘एकदाच पाहा’ वापरायचंच असेल तर पासवर्ड कागदावर मोठ्या अक्षरात लिहून त्याचा फोटो पाठवा. त्याला वाचून टाइप करू दे. क्यूआर कोड पाहुणा समोर आला की आपल्या फोनवर दाखवायचा, पाठवायचा नाही.

ग्रुपवर टाकू नका. यावर चर्चा नको.

‘सगळ्यांसाठी डिलीट’वर विसंबणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की व्हॉट्सॲपवर त्यासाठी जेमतेम अडीच दिवस मिळतात. पाहुणा आठवडाभर राहिला तर तो गेल्यावर तुमच्या हातात फक्त ‘माझ्यासाठी डिलीट’ उरतं. म्हणजे तुमच्याकडून गेला, त्याच्याकडे आहे तसाच.

आणि मेसेज दोन्हीकडून गेला तरी पासवर्ड त्याच्या फोनच्या वाय-फाय सेटिंगमध्ये राहतोच. अँड्रॉइड १० पासून पुढे अनेक फोनवर तिथूनच क्यूआर काढून तिसऱ्याला देता येतो, आणि आयओएस १६ पासून आयफोनवर जतन केलेला पासवर्ड वाचता येतो. चॅट कितीही घासूनपुसून काढा, हे तिथून जाणार नाही. म्हणून घरचा मुख्य पासवर्ड मी कुणालाच पाठवत नाही. राउटरच्या ॲपमध्ये किंवा सेटिंगच्या पानावर ‘गेस्ट नेटवर्क’ असतं, ते चालू करून त्याचा वेगळा पासवर्ड देतो आणि पाहुणे गेले की बदलतो. काही जण गेस्ट नेटवर्कवर स्वतःचा टीव्ही नि प्रिंटरही जोडून ठेवतात आणि मग पासवर्ड बदलायचा कंटाळा करतात, कारण सगळं पुन्हा जोडावं लागतं. घरची उपकरणं मुख्य नेटवर्कवरच ठेवा, मग गेस्टचा पासवर्ड दर आठवड्याला बदललात तरी घरात कुणाची तक्रार येणार नाही.