एका शंकेला एकच शब्द: मानसशास्त्राच्या चर्चेतले ‘कदाचित’ कसे कमी करावेत

मानसशास्त्राच्या प्रबंधात ‘चर्चा’ हे प्रकरण आलं की अशी वाक्यं भेटतात:

“लहानपणी संयम दाखवणाऱ्या मुलांना पुढे कदाचित काही अंशी अभ्यासात अधिक यश मिळण्याची शक्यता असू शकते, असे सूचित होताना दिसते.”

विषय मार्शमेलो प्रयोगाचा. लहान मुलासमोर खाऊ ठेवायचा आणि सांगायचं, थोडा वेळ थांबलास तर आणखी मिळेल.

१. शंकेचे शब्द अधोरेखित करा. कदाचित, काही अंशी, शक्यता, असू शकते, सूचित होताना, दिसते. एका वाक्यात सहा!

२. प्रत्येकासमोर त्याची शंका लिहा. नेमकी कशाबद्दल खात्री नाही? कदाचित, शक्यता आणि असू शकते हे तिन्ही शब्द एकच गोष्ट सांगतात. ‘सूचित होताना दिसते’ यामागे वेगळी शंकाच नाही, ते काढा. ‘काही अंशी’ मात्र परिणाम किती मोठा आहे याबद्दल बोलतं, आणि त्याचं उत्तर आकड्यात असतं.

३. खरी शंका कुठे आहे ते पाहा. वॉट्स, डंकन आणि क्वान यांनी 2018 मध्ये 900 हून अधिक मुलांची माहिती तपासली. चौथ्या वर्षीचं थांबणं आणि पंधराव्या वर्षीची शैक्षणिक कामगिरी यांत संबंध सापडला. पण घरची परिस्थिती आणि लहानपणची बौद्धिक क्षमता हिशेबात घेतल्यावर तो सुमारे दोन-तृतीयांशाने घटला. म्हणजे संबंध आढळला की नाही ही शंका नाहीच, शंका कारणाबद्दल आहे. मग ती तिथेच, उघडपणे लिहावी:

“चौथ्या वर्षी जास्त वेळ थांबलेल्या मुलांची पंधराव्या वर्षीची कामगिरी सरासरीने सरस होती. मात्र घरची परिस्थिती आणि सुरुवातीची बौद्धिक क्षमता लक्षात घेता हा संबंध सुमारे दोन-तृतीयांशाने घटला. त्यामुळे संयमामुळेच यश मिळाले, असे यावरून म्हणता येत नाही.”

शब्द वाढले, पण आता वाचकाला कळतं की कशावर विश्वास ठेवायचा आणि कुठे थांबायचं.

४. कापताना दावा फुगला का, हे क्रियापदात तपासा. माझ्या मते सगळ्यात जास्त चुका इथे होतात. ‘कदाचित’ काढण्याच्या भरात ‘संयमामुळे गुण वाढतात’ असं लिहिलं जातं आणि संबंधाचं कारण होऊन बसतं. ‘-मुळे’, ‘वाढवते’, ‘घडवते’ हे शब्द मुलांची चिठ्ठ्या टाकून गटांत विभागणी केलेल्या प्रयोगासाठी राखून ठेवा. काळही बघा. ‘कामगिरी सरस होती’ हे त्या मुलांबद्दल आहे, ‘सरस असते’ म्हटलं की जगातली सगळी मुलं आली. पहिल्या वाक्याला शंकाशब्द लागतच नाही.

तुमचं स्वतःचं स्पष्टीकरण देताना मात्र शंका ठेवाच, फक्त एकदा. “बहुधा घरातली स्थिरता दोन्हींच्या मुळाशी असण्याची शक्यता नाकारता येत नाही” याऐवजी “घरातली स्थिरता दोन्हींच्या मुळाशी असावी” असं लिहा. ‘असावी’ या एका रूपातच अंदाज पुरेसा व्यक्त होतो.