पावसाळ्यात बंद राहिलेला पीसी सुरू होत नाही तेव्हा

रत्नागिरी-मालवणच्या किनाऱ्यावर पीसी पावसाळ्यात आठ-पंधरा दिवस बंद राहिला, की कधी कधी पंखे फिरतात पण स्क्रीन काळीच राहते. आधी संशय रॅमवर घ्या. आत साचलेली खारट धूळ हवेतली ओल धरते आणि रॅमच्या सोनेरी पट्ट्यांचा स्लॉटशी संपर्क बिघडतो.

वायर काढून पॉवर बटण १० सेकंद दाबून धरा. रॅम काढून पट्ट्या ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने, धागे न सोडणाऱ्या कापडाने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. खोडरबर सगळे वापरतात, पण त्याने सोन्याचा मुलामा झिजतो. पुढे रोज तासभर पीसी चालवा, आतल्या उबेने ओल टिकत नाही. जाळीच्या कॅबिनेटमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवणं मात्र व्यर्थ. बाहेरची दमट हवा येतच राहते.