१ = २ ची खोटी सिद्धता वर्गात मांडताना या चुका टाळा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत मी नववी-दहावीला गणित शिकवतो. अवयव पाडणं शिकवून झालं की एक तास मी १ = २ ‘सिद्ध’ करण्यासाठी ठेवतो. सुरुवातीच्या वर्षांत हा तास रंगायचा, पण पुढच्याच चाचणीत कितीतरी वह्यांत तीच चूक सापडायची. मुलांना गंमत कळली होती, शून्याने भागल्यावर नेमकं काय बिघडतं ते कळलं नव्हतं. त्या अनुभवातून हे लिहितोय.

फळ्यावर एवढंच लिहायचं:

```
a = b
a² = ab
a² − b² = ab − b²
(a + b)(a − b) = b(a − b)
a + b = b
2b = b
2 = 1
```

आधीच गुपित फोडू नका

“आज शून्याने का भागत नाहीत ते बघूया” असं म्हणून सुरुवात केली की तास तिथंच संपतो. मुलं फळ्यावर शून्य शोधायला लागतात आणि ते दिसतच नाही, कारण ते अक्षरांमागं दडलेलं आहे. काही न बोलता सातही ओळी लिहा आणि चूक कुठं आहे ते मुलांना विचारा. बहुतेक वेळा बोट तिसऱ्या ओळीवर जातं: “सर, मधेच b² कुठनं आणलं?” लगेच चूक-बरोबर सांगू नका. त्याऐवजी ताळा करायला लावा: a आणि b दोन्हींच्या जागी ३ घाला आणि एकेक ओळ तपासा.

```
3 = 3
9 = 9
0 = 0
6 × 0 = 3 × 0
6 = 3
```

यंदा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, चौथ्या ओळीपर्यंत सगळं बरोबर हाय की!” आणि क्षणभर थांबून, “a − b म्हणजे सोन्नेच की.” घरी मराठी, बाजारात कन्नड, त्यामुळं आमच्याकडं शून्याला सोन्ने म्हणणारी मुलं पुष्कळ. तिला ते शून्य स्वतःच सापडलं. मी आधी सांगितलं असतं तर तिनं फक्त मान डोलावली असती.

‘काटलं’ म्हणून पुढं जाऊ नका

चौथ्या ओळीवरून पाचवीवर कसं आलो, असं विचारलं की उत्तर येतं, “दोन्हीकडचं a − b काटलं.” माझ्या मते मूळ घोटाळा या शब्दात आहे. काट मारणं म्हणजे खोडणं असं मुलाच्या मनात बसतं, तिथं भागाकार झालाय हे त्याला दिसत नाही. म्हणून दोन ओळींच्या मधे शब्दांत लिहायला लावा: ‘दोन्ही बाजूंना a − b ने भागलं.’ आता त्याखाली ताळ्यातली किंमत: ‘दोन्ही बाजूंना 0 ने भागलं.’ एवढं लिहिलं की वर्ग आपसूक गप्प होतो.

वाटणीचं उदाहरण पुढं रेटू नका

मी पूर्वी विचारायचो, कुंद्याच्या १२ वड्या शून्य मुलांत वाटल्या तर प्रत्येकाला किती? मुलं म्हणायची, “बाराच्या बारा उरल्या.” उत्तर चुकीचं असलं तरी त्यामागचा विचार फार जुना आहे. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात आपल्याच कर्नाटकात होऊन गेलेल्या महावीराचार्यांनीही शून्याने भागलेली संख्या जशीच्या तशी राहते असं लिहून ठेवलंय. वाटणीच्या चित्रात ते पटतं, कारण घ्यायला कुणी नसलं की वड्या ताटातच राहतात. पण ताटात उरल्या किती, हा भागाकाराचा प्रश्नच नाही.

भागाकार म्हणजे गुणाकार उलटा विचारणं. 12 ÷ 4 म्हणजे कशाला 4 ने गुणलं तर 12 येतात? तसंच 12 ÷ 0 म्हणजे कशाला 0 ने गुणलं तर 12 येतात? अशी संख्याच नाही. आणि 0 ÷ 0? कशाला 0 ने गुणलं तर 0 येतो? इथं कुठलीही संख्या चालते. ही दोन दुखणी वेगळी आहेत: पहिल्यात उत्तरच नाही, दुसऱ्यात हवी तेवढी उत्तरं. आपली सिद्धता दुसऱ्यात अडकते. 6 × 0 आणि 3 × 0 दोन्ही 0 होतात. त्या शून्याकडं बघून मूळ संख्या 6 होती की 3, हे कुणालाही सांगता येणार नाही. पाचवी ओळ मात्र ते सांगता येतं असं धरून चालते.

इथं भास्कराचार्यांचा उल्लेख मी आवर्जून करतो. ११५० च्या लीलावतीत त्यांनी म्हटलंय की शून्याने गुणलेल्या संख्येला पुन्हा शून्याने भागायचं असेल, तर ती संख्या अविकृत समजावी. आमच्या चौथ्या-पाचव्या ओळीत नेमकं हेच झालंय. एवढ्या मोठ्या गणितज्ञालाही हा प्रश्न सोपा गेला नाही, हे कळलं की चुकलेल्या मुलाला कमीपणा वाटत नाही.

‘उत्तर अनंत’ असं सांगून विषय मिटवू नका. 12 ÷ 0.01 = 1200 येतं, हे खरं. पण शून्याच्या दुसऱ्या बाजूनं गेलं तर 12 ÷ (−0.01) = −1200 येतं. एकीकडं आकडा वर पळतो, दुसरीकडं खाली, मग एक उत्तर ठरवणार कसं?

सिद्धतेवरच थांबू नका

परीक्षेत १ = २ येत नाही. तिथं हीच चूक वेगळ्या रूपात येते: x² = 3x. मुलं x काटतात, x = 3 लिहितात आणि खूश होतात. इथं ताळाही फसवतो, कारण x = 3 घातलं की प्रत्येक ओळ खरी ठरते. x = 0 घालून बघा: पहिल्या ओळीत 0 = 0, दुसरीत 0 = 3. म्हणजे काटताना x = 0 हे खरं उत्तर हरवलं. म्हणून काटायचं नाही, सगळं एका बाजूला आणून सामाईक अवयव बाहेर काढायचा: x(x − 3) = 0, मग x = 0 किंवा x = 3.

हीच रीत आमच्या चौथ्या ओळीला लावली की ती a(a − b) = 0 होते. म्हणजे a = 0 किंवा a = b. यात १ = २ कुठंच नाही, आणि a = b तर पहिल्या ओळीत लिहिलेलंच होतं.

ताळ्याची मर्यादाही सांगून ठेवा. ओळ कुठं मोडली ते ताळा दाखवतो, का मोडली ते नाही. (−3)² = 3² ही ओळ खरी आहे, पण दोन्हीकडचं वर्गमूळ काढून −3 = 3 लिहिलं की खोटी. तिथं शून्याचा संबंधच नाही, वर्गमूळ काढताना चिन्ह विसरलंय. हे सांगितलं नाही तर मुलं प्रत्येक चुकीत शून्य शोधत बसतात.

त्या मुलीच्या वहीत परवा x² = 3x सोडवलेलं होतं. तिनं x ने भागलं होतंच, पण शेजारी समासात लिहिलं होतं, ‘x शून्य नसेल तर’, आणि खाली वेगळी ओळ: ‘x शून्य असेल तर 0 = 0, म्हणजे हेपण उत्तर’.