जुन्या इमारतीचा टीडीआर आणि करसवलत: दुरुस्तीचा खर्च कसा भागवावा

वारसा यादीत नाव लागलं की मालकाच्या पोटात गोळा येतो. पाडता येत नाही, मजले चढवता येत नाहीत, दुरुस्ती मात्र स्वतःच्या खिशातून. ही कोंडी सोडवायला दोन वाटा आहेत. टीडीआर म्हणजे आपल्या जागेवर न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे विकणं, आणि दुसरी वाट करसवलतीची. न्यूयॉर्कने १९६८ मध्ये वारसा वास्तूंना असा हक्क शेजारच्या भूखंडांवर नेण्याची मुभा दिली. तिथल्याच ग्रँड सेंट्रल रेल्वे स्थानकाच्या खटल्यात १९७८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्थानकावर उंच इमारत बांधायला नकार देणारा शहराचा निर्णय कायम ठेवला, तेव्हा मालकाला मिळणारे हे हक्कही विचारात घेतले.

नियम गावोगावी वेगळे असले तरी हिशेबाची रीत बरीचशी सारखीच असते. एक उदाहरण घेऊन चालू. त्यातले पैशाचे आकडे कोणत्याही चलनाचे समजा.

पहिलं काम म्हणजे उरलेलं चटई क्षेत्र, म्हणजे अजून बांधता येईल असं क्षेत्रफळ मोजणं. भूखंड १,००० चौरस मीटर, अनुज्ञेय एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या जितक्या पट बांधता येतं तो आकडा, ३; म्हणून ३,००० चौ.मी. बांधता आले असते. उभी इमारत १,१०० चौ.मी. आहे, म्हणून उरले १,९००. इथेच सगळ्यात जास्त घोटाळा होतो. मालक जुन्या कागदावरचं क्षेत्रफळ धरतो आणि मोजणीत पोटमाळा किंवा नंतर बंद करून घेतलेली गॅलरी वापरलेल्या क्षेत्रात मोजली जाते. म्हणून अर्ज करण्याआधी परवानाधारक वास्तुविशारदाकडून प्रत्यक्ष मोजमाप करून घ्या.

मग तो हक्क कुठे उतरेल ते पाहा. अनेक ठिकाणी जमिनीच्या दरांच्या प्रमाणात क्षेत्र बदलतं: देणाऱ्या भूखंडाचा दर भागिले घेणाऱ्या भूखंडाचा दर. आपला दर ८०० आणि घेणाऱ्याचा ५०० असेल, तर १,९०० चे ३,०४० चौ.मी. होतात. घेणारा भाग महागडा, समजा १,००० दराचा असेल, तर फक्त १,५२०. पण तिथे टीडीआरचा भावही चढा असतो. भाव जमिनीच्या दराच्या ४० टक्के धरला, तर पहिल्या ठिकाणी ३,०४० × २०० आणि दुसऱ्या ठिकाणी १,५२० × ४००, दोन्हीकडे ६,०८,००० च येतात. म्हणून क्षेत्राचा आकडा मोठा दिसला तरी हुरळून जाऊ नका. जिथे बिल्डरांना खरोखर जास्तीचं बांधकाम हवंय तो भाग निवडा. मागणी नसली तर टीडीआरचा कागद, म्हणजे विकास हक्क प्रमाणपत्र, कपाटात पडून राहतं.

विक्रीवरचा कर आणि दलाली मिळून १५ टक्के गेले असं धरलं, तर हातात ५,१६,८०० उरतात.

आता करसवलत. समजा मालमत्ता कर वर्षाला ३०,००० आहे आणि १० वर्षं निम्मा माफ झाला. एकूण वाचतात १,५०,०००, पण ते दरवर्षी १५,००० असे तुकड्यांनी. ८ टक्के दराने त्यांचं आजचं मोल साधारण १,००,००० इतकंच. प्राप्तिकरातली सूट असेल तर आणखी एक गोष्ट तपासा: तेवढा कर आपल्याला भरावा लागतो का? अमेरिकेत उत्पन्न देणाऱ्या प्रमाणित वारसा इमारतीच्या पात्र खर्चावर २० टक्के करसूट आहे, ती ५ वर्षांत विभागून मिळते. नको तशा खिडक्या बसवल्या तर दुरुस्तीला मंजुरी मिळत नाही आणि सूटही जाते.

दुरुस्तीचा अंदाज ७,००,००० असेल, तर दोन्ही मिळून ६,१६,८०० जमतात आणि ८३,२०० कमी पडतात. ती तूट भाड्यातून भरता येईल. पण हेच गणित टीडीआरचा भाव २५ टक्के पडला असं धरून पुन्हा करा. तेव्हा टीडीआरचे हातात ३,८७,६०० येतात आणि तूट २,१२,४०० वर जाते. माझं मत स्पष्ट आहे: निर्णय या दुसऱ्या आकड्यावर घ्यावा, कारण बांधकाम बाजार मंदावला की टीडीआरचा भावही खाली येतो.

पैसा हातात कधी येतो, हेही तितकंच महत्त्वाचं. प्रमाणपत्राचा काही भाग बहुधा काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यानंतरच मिळतो, आणि कंत्राटदाराला मात्र आधी द्यावं लागतं. मधल्या काळासाठी कर्ज घ्यावं लागलं, तर त्याचं व्याज तुटीत धरा. छप्पर आणि पाणी झिरपणाऱ्या भिंती पहिल्या टप्प्यात घ्या. पैसे अडकले तरी इमारतीचं नुकसान तिथेच थांबतं.

सही करण्यापूर्वी जतनाच्या करारातली अट वकिलाकडून वाचून घ्या. विकलेले १,९०० चौ.मी. या भूखंडावर पुन्हा बांधता येत नाहीत, आणि ही अट जमिनीच्या नोंदीला चिकटते, म्हणून पुढच्या खरेदीदारालाही बांधून ठेवते. भविष्यात एफएसआय वाढला तर वाढीव हक्क कोणाचा, हे करारात लिहून घ्यायला विसरू नका.